आजीचा तन्मणी नेमका किती जुना?

"हा पेशव्यांच्या काळातला आहे." वारशाने आलेला दागिना डब्यातून बाहेर निघाला, की घरातलं कुणीतरी मोठं माणूस हे वाक्य हमखास बोलतं. पेशवाई 1818 साली संपली. म्हणजे तो दागिना दोनशेहून अधिक वर्षं गळ्यांत, कानांत, लग्नकार्यांत वापरला गेला, लेकीसुनांमध्ये वाटला गेला, तुटला, पुन्हा गाठवला गेला आणि तरीही तसाच राहिला, असा त्या वाक्याचा अर्थ होतो. असं क्वचित घडतं. आपल्याकडे दागिना कपाटात ठेवून बघण्याची वस्तू नव्हता. तो अंगावर असायचा, आणि जे अंगावर असतं ते झिजतं, तुटतं आणि सोनाराकडे जातं. सोनार जुन्याला नवं जोडून परत देतो.

म्हणून "हा दागिना कोणत्या सालचा?" या प्रश्नाला बहुतेक वेळा एकच उत्तर नसतं. खोड एका काळातलं, मोती दुसऱ्या काळातले आणि फासा तिसऱ्या, असं असू शकतं. विचारायचा प्रश्न असा: यातला कोणता भाग कधीचा, आणि कोणता भाग मूळचा? तो कसा सोडवायचा, हे एका तन्मणीवरून सांगता येईल.

तन्मणीत बारीक मोत्यांचे अनेक सर एकत्र येतात आणि मध्यभागी हिरे, माणकं किंवा पाचू जडवलेलं पदक असतं. त्यालाच खोड म्हणतात. ज्या तन्मणीबद्दल मी लिहिणार आहे, तो पुण्यातल्या एका कुटुंबात चार पिढ्या चालत आलेला आहे. खोडात चपटे हिरे, मधोमध मोठा लाल खडा, खाली लोंबणारा एक छोटा लोलक आणि त्यात एकच हिरा. मागे सोन्याचा फासा. सोबत त्याच डब्यातल्या मोत्यांच्या कुड्या. घरच्यांचं म्हणणं अर्थातच पेशवाईचं होतं.

आधी पुसू नका

तपासणीसाठी लागणारं सामान थोडं आहे. दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोबाइलचा नव्हे तर छोटा आणि तीव्र झोताचा टॉर्च, लहान चुंबक आणि पांढरं सुती कापड. जमल्यास अतिनील प्रकाशाचा स्वस्त टॉर्चही घ्यावा, त्याचा उपयोग पुढे सांगते.

पण काहीही करण्याआधी दागिना धुऊ नका, रिठ्याच्या पाण्यात घालू नका आणि उजाळा देण्यासाठी सोनाराकडेही पाठवू नका. जुन्या बंद कोंदणात खड्याच्या खाली चकचकीत वर्खाचा तुकडा असतो. त्याला डांक म्हणतात, आणि खड्याची निम्मी झळाळी त्याची असते. पाणी एकदा कोंदणात शिरलं की डांक काळवंडतो, आणि मग चांगला हिराही मेलेल्या काचेसारखा दिसू लागतो. खोडाच्या पोटात लाख भरलेली असेल तर तिला गरम पाणी चालत नाही. शिवाय खाचांत साचलेला मळ हाच एक पुरावा असतो. तो गेला की परत मिळवता येत नाही.

पाठीवर हाताची खूण

दागिना पाहताना लोक पुढची बाजू पाहतात. काळ शोधणाऱ्याने आधी पाठ पाहावी. पुढचा भाग दाखवण्यासाठी असतो, म्हणून तो घासून, सजवून गुळगुळीत केलेला असतो. पाठीमागे मात्र कारागिराने जेवढं काम लागलं तेवढंच केलेलं असतं, आणि ते कसं केलं हे तिथे लपत नाही.

या तन्मणीच्या खोडाची पाठ भिंगाखाली अगदी समतल नव्हती. टॉर्च आडवा धरला तेव्हा पत्र्यावर हातोडीच्या हलक्या ठोक्यांचे उथळ खळगे दिसले आणि कडेला कानशीचे ओरखडे. ते ओरखडे एकाच दिशेने जात नव्हते. हात जसा वळला तशी त्यांची दिशा बदलत होती. कडेने लावलेली तारही सगळीकडे सारख्या जाडीची नव्हती. हाताने ओढलेल्या तारेवर लांबीच्या दिशेने बारीक रेषा असतात, कारण सोनार ती जंतराच्या एकेका लहान होत जाणाऱ्या भोकातून खेचत जातो. या रेषाही इथे स्पष्ट दिसत होत्या.

साच्यात ओतून केलेला दागिना वेगळा दिसतो. त्याच्या खाचा-कंगोऱ्यांच्या कडा किंचित वितळल्यासारख्या गोल असतात आणि आतल्या कोपऱ्यांत, जिथे कुणी घासत नाही तिथे, सुईच्या टोकाएवढी छिद्रं सापडतात. मेणाच्या साच्यातून घाऊक ओतकाम विसाव्या शतकाच्या मध्यानंतर दागिन्यांच्या धंद्यात पसरलं. पारंपरिक नक्षीच्या दागिन्यात डाव्या आणि उजव्या बाजूची फुलं भिंगाखाली तंतोतंत एकसारखी, दोषासकट एकसारखी दिसली, तर तो एकाच साच्यातून आला असं समजावं. हाताने केलेली दोन फुलं कधीच तितकी जुळत नाहीत.

पण हातकाम म्हणजे जुनं असं समीकरण मांडू नये. कोल्हापुरात आणि इतरत्रही हातावर काम करणारे सोनार आज आहेत. हातकामाच्या खुणा वस्तू यंत्रावर झालेली नाही एवढंच सांगतात. ती कधी झाली हे ठरवायला डाख पाहावा लागतो.

डाख म्हणजे दोन तुकडे जोडणारा, कमी तापमानाला वितळणारा धातू. जुने सोनार सोन्यातच तांबं आणि चांदी मिसळून डाख करत. त्यामुळे सांध्याचं सोनं बाकीच्या दागिन्यापेक्षा हलकं असे. हलकं सोनं लवकर काळवंडतं, म्हणून जुन्या दागिन्यात सांध्यांच्या रेषा आजूबाजूच्या पत्र्यापेक्षा काळपट किंवा तांबूस दिसतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस कॅडमियमचा डाख आला. त्यालाच बाजारात केडीएम म्हणू लागले. त्याने जोडलेला सांधा बाकीच्या सोन्याच्या रंगाचाच राहतो. या तन्मणीच्या खोडाच्या पाठीवर दोरे ओवण्यासाठी दोन्ही बाजूंना मिळून आठ कड्या आहेत. त्यांतल्या सहांच्या मुळाशी तांबूस रेघ आहे आणि दोरा घासून त्यांची आतली कड पातळ झाली आहे. उरलेल्या दोन कड्या जाड, गोल आणि सांध्याशी एकरंगी आहेत. त्या नंतर कधीतरी बदलल्या.

हिरे

खोडातले चपटे हिरे म्हणजे पोलकी. हिऱ्याचा स्फटिक त्याच्या नैसर्गिक चिरेवर फोडायचा, वरून जेमतेम घासायचा आणि वजन शक्य तितकं राखायचं, ही भारतातली जुनी रीत. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे मुख्यतः भारतातून मिळत. तरीही इथल्या कारागिराला पैलूंपेक्षा वजन महत्त्वाचं वाटे, आणि चमक देण्याचं काम डांकावर सोपवलेलं असे.

पोलकी दिसली म्हणजे दागिना जुना, असं मात्र नाही. पोलकीचे दागिने आजही घडतात, त्यासाठी आज हिरे लेझरने कापले जातात आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याचीही पोलकी मिळते. भेद करायचा तर जाडी पाहावी. जुन्या पोलक्या एकमेकींशी जुळत नाहीत. एक जाड, एक पातळ, एकीची कड तिरकी. कारागीर त्या असमान तुकड्यांना खालून लाख आणि डांक देऊन एका पातळीत आणतो. आजच्या कापलेल्या पोलक्या जाडीला सारख्या आणि कडांना स्वच्छ असतात.

त्याहून मोलाची गोष्ट कोंदणात आहे. खऱ्या कुंदनकामात खड्याभोवती जवळजवळ शुद्ध सोन्याचा पातळ पत्रा थरावर थर ठेवून थंडच दाबतात. दाबाने थर एकजीव होतात आणि खडा धरला जातो. तिथे डाख नसतो, आच नसते. त्यामुळे जुन्या खोडात खड्याच्या कडेचं कुंदन पिवळंधमक आणि बाहेरची चौकट मात्र किंचित लालसर झालेली दिसते, कारण चौकटीच्या सोन्यात तांबं आहे आणि कुंदनात जवळपास नाही. रंगाचा हा फरक नक्कल करणाऱ्याला सहसा साधत नाही. याउलट स्वस्त नकलेत खडा डिंकाने चिकटवलेला असतो. अतिनील टॉर्च मारला की असा डिंक बऱ्याचदा निळसर-पांढरा चमकतो. या तन्मणीत पोलक्यांच्या कडांना काहीही चमकलं नाही.

एवढ्याने खोड जुन्या पद्धतीचं आणि खरं ठरलं. साल मात्र कळलं नाही, कारण कुंदनकामाची पद्धत शतकानुशतकं फारशी बदललेली नाही. 1780 सालचं खोड आणि 1880 सालचं खोड केवळ कोंदणावरून वेगळं काढणं फार कठीण. इथे लोलक कामी आला.

लोलकातल्या हिऱ्याचं कोंदण पाठीमागून उघडं आहे. उजेड खालून आत यावा म्हणून कारागिराने तिथे भोक ठेवलं आहे आणि हिरा सोन्याच्या छोट्या नख्यांनी धरला आहे. डांकावर विसंबणाऱ्या बंद कोंदणापेक्षा हा विचारच निराळा. उघड्या कोंदणाची ही रीत युरोपीय दागिन्यांतून आली आणि इथल्या कामात ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळत गेली. भिंगातून वरून सरळ खाली पाहिलं तर हिऱ्याच्या मधोमध एक बारीक गोल ठिपका दिसतो. हिऱ्याचं खालचं टोक टोकदार न ठेवता तिथे एक लहानसा सपाट पैलू घासलेला आहे, तोच वरून ठिपक्यासारखा दिसतो. माथ्याचा सपाट पैलू लहान आहे, वरचा भाग उंच आहे आणि बाहेरचा आकार धड गोल नाही, कोपरे गोलसर केलेला चौकोन आहे. हा 'ओल्ड माइन कट'. 1870च्या दशकात हिरे गोल घासणारी यंत्रं आली आणि त्यानंतर खऱ्या अर्थाने गोल हिरे वाढत गेले. 1919 साली मार्सेल टोल्कोव्स्की यांनी पैलूंच्या कोनांचं गणित मांडलं, आणि आजचा रुंद माथ्याचा, टोकदार बुडाचा गोल हिरा त्या वाटेने घडत गेला. वरून पाहताना ठिपका दिसत नसेल, माथा रुंद असेल आणि घेर कंपासने काढल्यासारखा असेल, तर तो हिरा बहुधा विसाव्या शतकातला.

इथे एक नियम लक्षात ठेवावा. खड्याचं वय म्हणजे दागिन्याचं वय नव्हे. जुना हिरा नव्या कोंदणात बसवणं सोपं आहे, आपल्याकडे ते सर्रास होतं. खड्याचा पुरावा एकाच दिशेने चालतो: मूळच्या सर्वांत नव्या खड्याहून दागिना जुना असू शकत नाही. लोलक मागाहून जोडला असता तर त्याने खोडाबद्दल काहीच सांगितलं नसतं. पण लोलकाच्या कडीचा डाख खोडाच्या जुन्या सहा कड्यांसारखाच तांबूस आहे, झीजही तशीच आहे आणि खोडाच्या खालच्या टोकाला त्याच्यासाठी घडणीतच जागा ठेवलेली आहे. म्हणून खोड आणि लोलक एकाच वेळी घडले असं मानायला हरकत नाही.

लाल खडा

मधला लाल खडा घरात माणिक म्हणून ओळखला जातो. जुन्या मराठी दागिन्यांत लाल खडा तीन प्रकारचा असू शकतो. खरं माणिक, लालडी, किंवा लाल काच. काच मऊ असते, म्हणून तिच्या पैलूंच्या कडा वापराने बोथट होतात आणि आत गोल बुडबुडे दिसतात. पण 1902 साली चौथा प्रकार आला. ऑग्युस्त व्हर्नय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्वालेत भुकटी वितळवून माणिक बनवण्याची पद्धत जाहीर केली. ते रासायनिकदृष्ट्या माणिकच होतं, स्वस्त होतं आणि लवकरच जगभर पोचलं. आपल्या आज्या-पणज्यांच्या नथींत आणि कुड्यांत ते पुष्कळ सापडतं. त्यात फसवणूकच असे असं नाही. लाल आणि झळझळीत खडा परवडत होता, म्हणून तो घेतला गेला.

तो ओळखण्याची खूण पक्की आहे. वितळलेलं द्रव्य थराथराने साचत गेल्यामुळे खड्यात वक्र रेषा राहतात, ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या चरांसारख्या. खऱ्या माणकात वाढीच्या रेषा असल्याच तर सरळ आणि कोनात असतात, आणि आत बारीक सुयांचं जाळं असतं ज्याला रेशीम म्हणतात. या तन्मणीच्या लाल खड्यात टॉर्च बाजूने धरल्यावर वक्र रेषा दिसल्या. म्हणजे हा खडा 1902 नंतरचा.

मग खोडही 1902 नंतरचं का? त्याचं उत्तर खड्याभोवतीच्या कुंदनात आहे. पोलक्यांच्या कडेचं कुंदन पातळ आणि वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेलं आहे. लाल खड्याभोवतीचं कुंदन जाड आहे, हत्याराच्या दाबाच्या खुणा अजून ताज्या आहेत, आणि एका बाजूला जुन्या कुंदनाचा कापलेला काठ तसाच उरला आहे. मूळ खडा पडला किंवा काढला गेला आणि नवा बसवला. हा खडा खोडाचा काळ सांगत नाही, दुरुस्तीचा काळ सांगतो. जागा मुळातलीच असती, कुंदन कुठे हललेलं नसतं, तर मात्र सगळं खोड विसाव्या शतकातलं धरावं लागलं असतं.

मोती

मोत्यांचे सर वर्षं-दोन वर्षांनी पटवेकऱ्याकडून पुन्हा गाठवले जात, म्हणून दोरा आणि गाठी यांना वयाच्या बाबतीत काहीच किंमत नाही. मोत्यांना आहे. आखातातून येणारे नैसर्गिक मोती, आपल्याकडचे बसरा मोती, मुंबईच्या बाजारात निवडले आणि भोकले जात. मोती वजनावर विकला जाई. म्हणून भोक जितकं बारीक तितकं चांगलं, आणि ते दोन्ही बाजूंनी हाताच्या सामत्याने पाडत. 1920 च्या दशकात जपानी कल्चर मोती बाजारात भरून आले आणि पुढच्या काही वर्षांत आखाताचा मोत्यांचा व्यापार कोसळला. त्यामुळे भारतीय सरातले बारीक, आकाराने पूर्ण न जुळणारे, बारीक भोकाचे नैसर्गिक मोती बहुतेक करून 1930 च्या आधीचे असतात.

भोकातून आत टॉर्च मारून भिंगाने पाहिलं तर कल्चर मोत्यात आतला शिंपल्याचा मणी आणि वरचा मोत्याचा थर यांच्यामधली काळसर रेषा कधी कधी दिसते. दातांवर मोती घासून पाहण्याची जुनी कसोटी फक्त काच आणि मोती वेगळे करते, नैसर्गिक आणि कल्चर वेगळे करत नाही. त्याचा पक्का निवाडा रत्नपरीक्षण प्रयोगशाळेतल्या क्ष-किरणांनीच होतो, आणि मोती खरे बसरा असण्याची शक्यता असेल तर तो खर्च जरूर करावा. या तन्मणीत पुढच्या भागाचे मोती बारीक भोकाचे आणि किंचित वेगवेगळ्या छटांचे आहेत. मानेच्या मागे जाणारे वीसेक मोती मात्र एकसारखे गोल, रुंद भोकाचे आणि जास्त पांढरे आहेत. सर तुटला तेव्हा हरवलेल्यांच्या जागी ते आले.

फासा सर्वांत कमी विश्वासू

लोक दागिन्याचं वय फाशावरून ठरवू पाहतात, कारण फाशाचे प्रकार ओळखायला सोपे असतात. पण फासा हा दागिन्यातला सर्वांत जास्त झिजणारा आणि म्हणून सर्वांत जास्त वेळा बदलला जाणारा भाग. आपल्याकडच्या जुन्या गळ्यातल्यांना मुळात फासाच नसे. रेशमी दोरा आणि गोंडा असे, तो सरकवून माप जमवायचं. पुढे आकडा आला. आत स्प्रिंग असलेली गोल कडी विसाव्या शतकात सर्वत्र झाली आणि मोठ्या खटक्याचा, खेकड्याच्या नांगीसारखा फासा त्या शतकाच्या शेवटच्या दशकांत. स्प्रिंग बहुतेकदा पोलादाची असते, म्हणून सोन्याच्या कडीला चुंबक किंचित ओढतं.

या तन्मणीच्या कडीला चुंबक ओढतं आणि कडीवर 916 असा ठसा आहे. हा अंक 22 कॅरट दाखवतो, आणि भारतीय मानक ब्यूरोची सोन्याची हॉलमार्किंग योजना 2000 साली सुरू झाल्यानंतर असे ठसे आपल्याकडे सर्वत्र दिसू लागले. म्हणजे फासा अलीकडचा. त्याने खोडाबद्दल काहीही सांगितलं नाही.

कुड्यांचं मात्र वेगळं. कुडीचं मळसूत्र दांडीवरच असतं आणि दांडी कुडीच्या घडणीचा भाग असते, त्यामुळे ती सहज बदलली जात नाही. आज मळसूत्राचे आटे डायने कापतात. ते सगळे सारख्या अंतरावर, तीक्ष्ण आणि दांडीच्याच धातूत कोरलेले असतात. जुना सोनार आटे कापत नसे, तर बारीक तार दांडीभोवती गुंडाळून डाखाने चिकटवत असे, आणि तशीच दुसरी तार फिरकीच्या आतल्या नळीत बसवत असे. भिंगाखाली ती तार वेगळी ओळखू येते. तिच्या कडेने डाखाची रेघ असते, दोन फेऱ्यांमधलं अंतर कमीजास्त असतं आणि शेवटी तारेचं टोक दिसतं. अशा दोन कुड्यांच्या फिरक्या अदलाबदल केल्या तर बसत नाहीत, कारण प्रत्येक जोडी स्वतंत्र घडलेली असते. या डब्यातल्या कुड्यांपैकी एकीचं मळसूत्र असं तारेचं आहे, दुसरीचं कापलेलं. दुसरी कुडी हरवून जोड पुरी करण्यासाठी नवी केली, किंवा तिची दांडी तुटली. मोती दोन्हींत बारीक भोकाचे आहेत, त्यामुळे दांडी तुटल्याचाच संभव जास्त.

रंग आणि झीज

शुद्ध सोनं काळं पडत नाही. 22 कॅरटच्या सोन्यात शेकडा आठ-साडेआठ भाग तांबं आणि चांदी असते. ती हळूहळू बदलते आणि सोन्यावर लालसर-तपकिरी छटा चढते. त्यात घाम, साबण, हळदकुंकू, तेल यांचा थर मिसळतो. ही छटा वर्षं मोजायला उपयोगी नाही. दमट कोकणात रोज वापरलेला दागिना लॉकरमधल्या दागिन्यापेक्षा कितीतरी लवकर रंग बदलतो. ती उपयोगी पडते ती खरं-खोटं ठरवायला.

खरी छटा वापराच्या मागे जाते. जिथे कातडी, पदर किंवा बोट घासतं तिथे सोनं उजळ राहतं, आणि खाचांत ती गडद होत जाते. उजळ आणि गडद यांच्यामध्ये सीमारेषा नसते. 'अँटिक पॉलिश' केलेल्या नव्या दागिन्यात काळेपणा रसायनाने दिलेला असतो. तो सगळ्या खाचांत सारख्याच खोलीचा असतो आणि वरचा भाग मागाहून घासल्यामुळे एकदम लख्ख असतो. अशा दागिन्याच्या पाठीवर मानेला टेकणारी जागाही काळी असली तर शंका उरत नाही, कारण रोज घासणारी जागा काळी राहूच शकत नाही.

त्याहून जास्त भरवसा झिजेवर ठेवावा. रसायनाने रंग देता येतो, पण दोऱ्याने कडीची आतली कड पातळ करायला पिढ्या लागतात. या खोडाच्या पाठीचा खालचा भाग, गळ्याच्या खळगीवर टेकणारा, बाकीच्या पाठीपेक्षा स्पष्ट गुळगुळीत आहे. तिथले कानशीचे ओरखडे पुसट झाले आहेत, वरच्या बाजूला तेच ओरखडे तीक्ष्ण आहेत.

निकाल

आता सगळं एकत्र पाहू. खोड आणि लोलक एका वेळी घडले. उघड्या कोंदणामुळे ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाआधीचं असणं कठीण. ओल्ड माइन कटच्या हिऱ्यामुळे, आणि त्या हिऱ्याशेजारी यंत्राने गोल केलेला एकही हिरा नसल्यामुळे, ते फार पुढचंही वाटत नाही. साधारण 1860 ते 1910 हा पल्ला मी धरते. याहून नेमकं साल कोंदणावरून किंवा पैलूंवरून निघणार नाही. घरात लग्नातल्या दागिन्यांची जुनी यादी मिळाली तर निघेल, आणि ती बहुधा मोडीत, तोळे, मासे आणि गुंजांच्या वजनात लिहिलेली असेल. लाल खडा 1902 नंतर बसवला. मागचे मोती 1920 च्या दशकानंतर कधीतरी आले. दोन कड्या त्याहून नंतरच्या, आणि फासा गेल्या पंचवीस-तीस वर्षांतला. पेशवाईचं म्हणणं टिकलं नाही. पण पुढचे मोती जर प्रयोगशाळेत नैसर्गिक ठरले, तर तेच या तन्मणीतली सर्वांत दुर्मीळ गोष्ट असतील, आणि घरात त्यांच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

वयाचा विचार न करता जुना दागिना मोडीत देणाऱ्यांना एक व्यवहार कळायला हवा. मोडीत सोनाराच्या तराजूवर फक्त सोनं चढतं. खडे, मोती आणि लाख यांचं वजन वजा होतं, घट धरली जाते, आणि पोलकी व बसरा मोत्यांना बऱ्याचदा काहीच किंमत मिळत नाही. परदेशात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पुरावशेष व कलासंपदा कायदा, 1972 प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. असा दागिना सोबत नेण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून तो पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा.

तेव्हा डबा उघडाल त्या दिवशी प्रत्येक दागिन्याच्या पुढचे, पाठीचे आणि फाशाचे जवळून फोटो काढा, वजन लिहा, तो कुणाकडून कुणाकडे आला हे घरातल्या सर्वांत वयस्क बाईला विचारून त्याच कागदावर नोंदवा. मगच तो कुणाला पुसायला, दुरुस्त करायला किंवा मोडायला द्यायचा का, हे ठरवा.